बापाला माफ करा, असं प्रवचनात कसं सांगावं?

प्रश्न: मी दोन वर्षांपासून गावातल्या भजनी मंडळात प्रवचन करतो. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी मातृपितृऋणावर बोललो, पुंडलिकाची कथा लावली. लोकांना आवडलं. नंतर पन्नाशीचे एक गृहस्थ मागे थांबले. म्हणाले, "महाराज, माझा बाप मला बैलाच्या कासऱ्यानं मारायचा. तो गेला तेव्हा मला रडू आलं नाही. मी पापी आहे का?" मला काहीच बोलता आलं नाही. सर्वपित्री अमावास्येला पुन्हा माझंच प्रवचन आहे आणि ते येणार आहेत. आईवडिलांना क्षमा करण्याबद्दल अशा माणसांसमोर काय बोलावं?

उत्तर:

रामकृष्णहरी माउली. तुम्हाला काही बोलता आलं नाही हे एका अर्थी बरं झालं. त्या क्षणी आपल्या तोंडून पटकन जे निघतं, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. मी तीस वर्षं प्रवचन करतो आहे आणि त्यातली पहिली पंधरा वर्षं असं पटकन निघालेलंच बोलत होतो.

आधी त्या गृहस्थांनी काय विचारलं ते नीट पाहू. त्यांनी "क्षमा कशी करू" असं विचारलंच नाही. "मी पापी आहे का" असं विचारलं. ते बापावर रागावलेले नाहीत, स्वतःला दोषी धरून बसलेले आहेत, आणि त्या दोषावर तुमच्या पुंडलिकानं शिक्का मारला. पुंडलिकाची कथा चुकलेल्या मुलाची आहे. आईबापांना त्रास देणारा मुलगा भानावर येतो आणि त्यांच्या सेवेत इतका रमतो की देवालाही विटेवर थांबवतो. ज्यानं आईबापांना छळलं, त्याला ही कथा सांगावीच. पण ज्याला आईबापांनी छळलं, त्याच्या कानावर ती पडली की तो स्वतःलाच पहिला पुंडलिक समजतो, न सुधारलेला. मार त्यानं खाल्ला आणि अपराधीही तोच ठरला. म्हणून अमावास्येला पुंडलिक नको. तुम्हाला प्रह्लाद लागेल.

प्रह्लाद म्हटलं की आपण खांब, नरसिंह आणि भक्तीचा विजय सांगतो. पण भागवताचा सातवा स्कंध एकदा फक्त बापलेकाची कथा म्हणून वाचा. पाचव्या अध्यायात हिरण्यकशिपू मुलाला मांडीवर घेतो आणि लाडानं विचारतो, बाळा, तुला काय चांगलं वाटतं ते सांग. मुलगा खरं उत्तर देतो. ते बापाला रुचत नाही. शंड आणि अमर्क या गुरूंकडे त्याची पुन्हा रवानगी होते. काही काळानं मुलगा परत येतो, पायावर डोकं ठेवतो, बाप त्याला उचलून कुशीत घेतो, डोकं हुंगतो, बापाच्या डोळ्यांतलं पाणी मुलाच्या डोक्यावर पडतं. तो पुन्हा विचारतो, काय शिकलास? मुलगा पुन्हा खरं बोलतो, आणि त्याच मांडीवरून बाप त्याला जमिनीवर फेकून देतो.

हा प्रसंग तुमच्या प्रवचनाचा पाया आहे. मार खाल्लेल्या माणसाला काय सर्वांत जास्त छळतं, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. बाप सतत राक्षस असता तर सोपं होतं, असं ते सांगतात. तोच बाप यात्रेत खांद्यावर बसवायचा, पेढे आणायचा. मांडीही त्याचीच आणि फेकणंही त्याचंच. कधी मांडी मिळेल आणि कधी फेकलं जाऊ, याचा भरवसा नाही, ही खरी जखम. भागवतकारांना ती ठाऊक होती, म्हणून त्यांनी फेकण्याआधी डोळ्यांतलं पाणी लिहिलं. त्यानंतर काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच: हत्ती, साप, विष, उपासमार, कडा, आग. ती यादी भरभर म्हणू नका. आपल्याकडे प्रह्लादाच्या छळाची यादी टाळ वाजवत म्हणायची सवय आहे, आणि ज्याच्या पाठीवर वळ उठलेले आहेत त्याला ती टाळी फार लागते.

बाप घरी नसलेल्यांसाठीही या कथेत जागा आहे. प्रह्लाद आईच्या पोटात होता तेव्हा बाप मंदर पर्वतावर तपाला गेलेला होता. मागे घरावर संकट आलं. इंद्र गरोदर कयाधूला धरून घेऊन निघाला. वाटेत नारदांनी तिला सोडवलं आणि बाप परत येईपर्यंत आपल्या आश्रमात ठेवलं. प्रह्लादानं जे ऐकलं, जे त्याला पुढे तारून गेलं, ते नारदांच्या आश्रमात ऐकलं. हे सारं तो स्वतः सातव्या अध्यायात सोबतच्या मुलांना सांगतो. श्रोत्यांना इथे थांबवून विचारा, तुमचा नारद कोण होता? कुणाला आजी आठवेल, कुणाला शाळेतले गुरुजी, कुणाला शेजारची काकू जिनं न विचारता ताट वाढलं. मी इथे दोन मिनिटं काहीच बोलत नाही, फक्त पेटी हळू चालू ठेवायला सांगतो. माझा स्वतःचा बाप मी चार वर्षांचा असताना मुंबईला गिरणीत गेला. काही वर्षं मनिऑर्डर आली, मग थांबली. तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडला होता. माझा नारद म्हणजे माझा चुलता. ओवी म्हणायला त्यानंच शिकवलं. हे मी प्रवचनात सांगतो, पण एवढंच. जास्त सांगितलं की श्रोते माझ्या दुःखाला जपायला लागतात आणि स्वतःचं बाजूला ठेवतात.

आता क्षमेकडे येऊ. ती दहाव्या अध्यायात येते आणि तिची जागा फार विचारपूर्वक निवडलेली आहे. त्याआधी तीन गोष्टी होऊन गेलेल्या आहेत. छळ संपलेला आहे, छळणारा आता हात उगारू शकत नाही. नवव्या अध्यायात नरसिंहानं पायाशी पडलेल्या मुलाला उठवून त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला आहे, म्हणजे ज्याला मांडीवरून फेकलं त्याला एक निर्भय हात मिळाला आहे. आणि वर मागायला सांगितल्यावर प्रह्लादानं पहिलं मागणं स्वतःच्या मनासाठी मागितलं आहे, की माझ्या हृदयात कामनांचं बी रुजू नये. हे सगळं झाल्यावर मग तो बापाबद्दल बोलतो. आपण प्रवचनकार नेमके हे तीन टप्पे गाळतो. अजून मार खाणाऱ्याला आपण क्षमा करायला सांगतो.

आणि तो बोलतो काय? "माझे वडील तसे वाईट नव्हते," असं म्हणत नाही. "मला वळण लावायला मारत होते," असंही म्हणत नाही. तो देवापुढे स्वच्छ सांगतो की बापानं तुझी निंदा केली, रागानं त्याचं अंतःकरण भरलेलं होतं, आणि पुढचे शब्द मी प्रत्येक वेळी दोनदा म्हणतो: "त्वद्भक्ते मयि चाघवान्". तुझ्या भक्ताशी, म्हणजे माझ्याशी, तो पापानं वागला. 'मयि'. माझ्याशी. सगळ्या क्षमेच्या आधी हा शब्द आहे. मग विनंती येते: "तस्मात्पिता मे पूयेत दुरन्ताद् दुस्तरादघात्", त्या ज्याचा अंत लागत नाही आणि जे तरून जाणं कठीण अशा पापातून माझा पिता शुद्ध होवो. पापाला लहान करून मागितलेली ही क्षमा नाही. पाप केवढं मोठं आहे त्याचं माप सांगून मागितलेली आहे.

त्याच ओळींत कारणही आहे. बापाला वाटत होतं की विष्णू आपल्या भावाचा, हिरण्याक्षाचा, मारेकरी आहे. भावाच्या मरणाचं दुःख त्याच्यात द्वेष होऊन साचलं होतं. प्रह्लादाला ते दिसतं. पण त्या समजुतीला तो 'मृषादृष्टी' म्हणतो, खोटी नजर. बापाचं दुःख खरं होतं, त्यातून त्यानं केलेलं खोटं होतं, हे दोन्ही एका श्वासात सांगता येतं. तुमच्या गावातले बापही कुठून तरी दुखावूनच आलेले असणार. कुणाचं दुष्काळात सगळं गेलं, कुणी स्वतः सालगडी म्हणून लहानपणी मार खाल्ला. हे जरूर सांगा, मात्र 'मयि' सांगून झाल्यावर. आधी सांगितलंत तर ती सबब होते, नंतर सांगितलंत तर श्रोत्याला बाप माणूस म्हणून दिसायला लागतो. हा क्रम उलटला की तेच शब्द जखमेवर मीठ होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ते कसं पाहिलं ते सांगतो. ओळख लपेल एवढे तपशील बदलतो आहे. एका गावच्या सप्ताहात मी आईवडिलांवर बोललो होतो. शेवटी मोठ्या भावनेनं म्हणालो, आजच घरी जा, पाय धरा, सगळं विसरलो म्हणा, बघा त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं की नाही. श्रोत्यांमध्ये एक शिक्षिका होत्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. सातवीत असताना गणितात कमी गुण पडले म्हणून वडिलांनी त्यांना रात्रभर गोठ्यात दाव्यानं बांधून ठेवलं होतं. अशा आणखीही रात्री होत्या. वडील आता म्हातारे, भावाकडे राहणारे. बाई माझ्या सांगण्यावरून गेल्या, चारचौघांत पाया पडल्या, "आबा, मी सगळं विसरले" म्हणाल्या. आबा म्हणाले, "आता आली अक्कल. तेव्हा अजून चार ठेवून दिल्या असत्या तर मोठी साहेबीण झाली असतीस." बसलेले हसले.

महिन्याभरानं त्या मला भेटायला आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "महाराज, तुम्ही म्हणालात पाणी येईल." त्या वाक्यानं माझी झोप गेली. मी त्यांना तीन खोट्या गोष्टी क्षमेच्या नावानं दिल्या होत्या: विसरणं, परत जवळ जाणं, आणि समोरचा बदलेल ही आशा. क्षमेला यातलं एकही लागत नाही. प्रह्लाद काही विसरलेला नाही, तो देवाला सगळं सांगतो. बापाजवळ परत गेलेला नाही. आणि हिरण्यकशिपूनं शेवटपर्यंत एक शब्द पश्चात्तापाचा काढलेला नाही.

पुढे दीड वर्ष आमचं अधूनमधून बोलणं होत राहिलं. त्यांनी पहिल्यांदा ती रात्र वहीत लिहून काढली. दाव्याचा वास, म्हशीचा श्वास, आई दारात येऊन परत गेली ते. आईबद्दलचं वाक्य लिहायला त्यांना तीन आठवडे लागले. मारणाऱ्यापेक्षा पाहून गप्प बसलेल्याला क्षमा करणं अवघड जातं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तुमच्या श्रोत्यांतही असे लोक असतील ज्यांचा खरा राग बापावर नसून आईवर आहे, आणि तो बोलायची त्यांना फार लाज वाटते. प्रवचनात एक वाक्य त्यांच्यासाठी ठेवा.

मग त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं. आबांच्या औषधाचे पैसे दर महिन्याला थेट औषधाच्या दुकानात द्यायचे. भाऊबीजेला भावाकडे जायचं, संध्याकाळच्या आत निघायचं, मुक्काम करायचा नाही. टोमणा आला की उत्तर न देता उठायचं आणि चप्पल घालायची. आबा बदलले नाहीत, अखेरपर्यंत तसेच राहिले. पण एक दिवस बाई म्हणाल्या, "आता भाकरी थापताना त्यांच्याशी मनातल्या मनात भांडण होत नाही." क्षमा झाली की नाही हे ओळखायची माझ्याकडे याहून चांगली खूण नाही. गहिवर दुसऱ्या दिवशी उतरतो. मनातलं भांडण थांबणं टिकतं. तेही कधी सणावाराला पुन्हा सुरू होतं. पण पहिल्यासारखं दिवसभर चालत नाही.

त्या प्रकरणात पुढे भावानं हक्कसोडपत्र पुढे केलं. "आबांना माफ केलंस ना, मग सही कर." हे आपल्याकडे फार होतं, आणि प्रवचनकाराच्या शब्दांचा त्यासाठी उपयोग करून घेतला जातो, म्हणून सावध राहा. क्षमा मनाची आहे, सातबारा वेगळा. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सही करायची की नाही हे त्यांनी वकिलाला विचारून ठरवावं, असं मी सांगितलं. तुम्हीही अमावास्येला हे एक वाक्य मोठ्यानं म्हणा. ज्यांना ऐकायची गरज आहे त्या बायका मान खाली घालून ऐकतील, पण ऐकतील.

परिस्थितीप्रमाणे बोलणं कुठे बदलतं, तेही सांगतो. बाप गेलेला असेल तर प्रह्लादाची वाट सरळ लागू होते. बाप हयात असेल आणि आता आधार मागत असेल तर मी कर्णाचा दाखला घेतो. उद्योगपर्वात कुंती गंगेकाठी कर्णाकडे येते. तो जप करत उभा आहे आणि ती उन्हानं कोमेजून त्याच्या उपरण्याच्या सावलीत वाट पाहत थांबते. जन्मल्यावर जिनं पाण्यात सोडलं ती आई. कर्ण तिला कठोर बोलतो, की तू मला टाकलंस, शत्रूनंही केलं नसतं एवढं अहित केलंस, आणि आज आलीस ती स्वतःच्या हितासाठी. तिच्याकडे परत जायला तो नकार देतो. तरीही रिकाम्या हातानं पाठवत नाही. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे राहतील, असा शब्द देतो आणि पाळतो. खरं बोलणं, अंतर राखणं आणि तरीही झेपेल तेवढं देणं, हे तिन्ही एकाच भेटीत झालं. म्हाताऱ्या बापाला औषधपाणी आणि जेवण मिळालं पाहिजे, कायदाही २००७ पासून ते सांगतो. पण ते देण्यासाठी एका छपराखाली राहायलाच हवं असं नाही. कुणी देण्याच्या पलीकडे जाऊन जवळही गेला तर आनंद आहे. ते प्रवचनातून मागू मात्र नका.

एका प्रकारच्या जखमेबद्दल व्यासपीठावरून क्षमेचा शब्दसुद्धा काढू नये असं माझं ठाम मत आहे. लहानपणी घरातल्याच माणसानं शरीराची विटंबना केलेली असेल, तर असा माणूस तुमच्याकडे आल्यावर त्याचं ऐकावं, विश्वास ठेवावा, आणि गाठ जाणत्या समुपदेशकाशी घालून द्यावी. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा मोफत आहे. आणि बोलण्यातून जर असं दिसलं की आजही एखादं मूल त्या घरात धोक्यात आहे, तर तिथे आपलं मौन चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

आता तुमच्या प्रवचनाची पंचेचाळीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं मांडीला आणि फेकण्याला द्या, घाई करू नका. दहा मिनिटं मंदर पर्वत आणि नारदांचा आश्रम. मग 'मयि' पासून विनंतीपर्यंत दहा. उरलेली दहा तर्पणाला. क्षमा हा शब्द निम्मं प्रवचन होईपर्यंत तोंडातून काढू नका. "आईबाप देवासमान" हे वाक्य पूर्ण टाळा. ते खोटं आहे म्हणून नाही, ते वाक्य ऐकलं की ज्याला मार बसला तो मनानं उठून जातो आणि पुढचं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

बोलताना समोर बघत राहा. पुढच्या रांगेतली वडीलधारी मंडळी जोरात माना हलवायला लागली आणि मागचे जमिनीकडे बघायला लागले, तर समजा की तुम्ही बापांच्या बाजूनं बोलताय. तिथेच थांबून 'मयि' वर परत या. उलट कुणी बाप अस्वस्थ होऊन चुळबुळ करताना दिसला तर त्यालाही झोडपू नका. त्याच्याकडे न बघता एवढं म्हणा की हिरण्यकशिपूला मांडी होती, त्याच्याकडे वेळ होता, मुलगा दारातच उभा होता. एका सप्ताहानंतर असाच एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, पोराशी बोलायचं राहून गेलंय, सुरुवात कशी करू. मी म्हणालो, "मी मारलं, ते चुकलं" एवढीच सुरुवात करा, आणि पुढे 'पण' घालू नका.

शेवटी तर्पण, कारण दिवस सर्वपित्रीचा आहे आणि त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तर्पणात काय लागतं ते पाहा. पाणी, काळे तीळ, दर्भ, नाव आणि गोत्र. 'तर्पयामि' म्हणायचं, म्हणजे तृप्त करतो. तुमचं त्यांच्यावर प्रेम होतं का, ते गेले तेव्हा तुम्ही रडलात का, हे विधी विचारत नाही. बाप चांगला होता असं एकही वाक्य त्यात म्हणायचं नसतं. दशक्रियेच्या घाटावर आपण प्रवचनकारांनी आणि श्रद्धांजलीवाल्यांनी गुणगान करायची रीत पाडली, त्यामुळे लोकांना वाटतं की विधी म्हणजे स्तुती. तसं नाही. उलट तर्पणात एक मंत्र असा आहे की जे आपले नातलग आहेत, जे नातलग नाहीत, जे कुठल्या दुसऱ्या जन्मी नातलग होते, ते सगळे माझ्या या पाण्यानं तृप्त होवोत. ज्याला बाप म्हणायला जीभ रेटत नाही, त्याच्यासाठीही त्या पाण्यात जागा केलेली आहे.

नरसिंहसुद्धा प्रह्लादाला शेवटी एवढंच सांगतो की तुझा पिता शुद्ध झाला, आता त्याची उत्तरक्रिया तू कर. शोक कर म्हणत नाही. मी वडिलांचं श्राद्ध कित्येक वर्षं दात आवळून केलं. ते मुंबईत वारल्याचं आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि आई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढे एका वर्षी संकल्पाआधी मी मनात म्हटलं, "तुम्ही आम्हाला टाकलंत. ते चुकीचं होतं. हे पाणी घ्या." तेव्हापासून दात आवळले जात नाहीत. रडू अजूनही येत नाही, आणि ते यायला हवं असं मला आता वाटत नाही.

त्या गृहस्थांना अमावास्येपर्यंत थांबवू नका. आधीच त्यांच्या घरी जा, किंवा पारावर एकटे भेटा. "तुम्ही पापी नाही. त्या दिवशी मी चुकीची कथा लावली," असं सरळ सांगा. कासऱ्याबद्दल त्यांना बोलायचं असेल तर ऐकून घ्या, मध्ये ओवी घालू नका. अमावास्येला ते प्रवचनाला आले नाहीत तरी चालेल असंही सांगा, आणि आले तर त्यांच्याकडे बघून बोलू नका. तर्पण करायचं असेल तर तीळ, दर्भ आणि तांब्या तुमच्याकडे ठेवा, आणि त्या दिवशी सकाळी नदीवर त्यांच्या शेजारी तुम्ही उभे राहा.